डिस्क रॉ झाली, पण फॉरमॅटला हात लावू नका

तालुक्याच्या गावातला एक फोटो स्टुडिओ. लग्नसराई संपत आलेली, अल्बमची कामं तुंबलेली आणि एक टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर सगळ्या हंगामाचे फोटो. कॉपी चालू असताना कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. डिस्क पुन्हा लावली तेव्हा विंडोजनं चौकट दाखवली:

```
You need to format the disk in drive E:
before you can use it.
```

खाली दोन बटणं. त्यातलं `Format disk` आधीच निवडलेलं असल्यासारखं पुढे आलेलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं तर जिथे एरवी NTFS लिहिलेलं असतं तिथे `RAW`. स्टुडिओवाल्याचा फोनवरचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता. ‘फॉरमॅट मारून मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू का?’

नको. हे ‘नको’ कशासाठी, ते समजून घेतलं की पुढच्या पायऱ्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

आधी रॉ म्हणजे काय ते पाहू. NTFS, FAT32, exFAT या फाइल सिस्टिम आहेत, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली याचा हिशेब ठेवण्याच्या पद्धती. रॉ ही तशी पद्धत नाही. डिस्क जोडली की विंडोज तिच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर वाचतं. त्याला बूट सेक्टर म्हणतात. तिथे फाइल सिस्टिमचं नाव, एका क्लस्टरचं माप आणि फाइलींची मुख्य यादी कुठून सुरू होते हे लिहिलेलं असतं. विंडोजकडच्या प्रत्येक फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर हा मजकूर पाहतो आणि ‘हे माझं’ किंवा ‘हे माझं नाही’ असं ठरवतो. सगळ्यांनीच नकार दिला, तर विंडोज त्या पार्टिशनला रॉ म्हणून मोकळं होतं. दारावरची पाटी पडली म्हणून पोस्टमननं पत्र परत न्यावं, पण घरातली माणसं मात्र घरातच असावीत, तसा हा प्रकार. बहुतेक वेळा फोटो होते तिथेच असतात.

म्हणूनच चौकटीतलं ते वाक्य दिशाभूल करणारं आहे. ‘मला ही डिस्क ओळखता आली नाही’ एवढंच विंडोजला म्हणायचं असतं, पण ते म्हणतं ‘वापरायची असेल तर फॉरमॅट करा’. क्विक फॉरमॅट केल्यावर कोरी यादी लिहिली जाते आणि बहुतेक वेळा ती जुनी यादी जिथे सुरू होत होती तिथेच बसते. त्या जागेवरच्या नोंदी गेल्या. फुल फॉरमॅट आणखी वाईट, कारण विंडोज व्हिस्टापासून त्यात अख्ख्या पार्टिशनवर शून्यं लिहिली जातात. डिस्क एसएसडी असेल तर क्विक फॉरमॅटही तितकाच घातक ठरू शकतो. विंडोज एसएसडीला ‘ही जागा आता रिकामी समज’ अशी ट्रिम नावाची आज्ञा देतं आणि एसएसडी आपल्या सोयीनं ती जागा खरोखर पुसून टाकते. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर काही परत आणत नाही.

दुसरा मोह chkdsk चा. ती आज्ञा दिली की रॉ डिस्कवर साधारणपणे हे उत्तर येतं:

```
The type of the file system is RAW.
CHKDSK is not available for RAW drives.
```

हे उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. chkdsk फाइल सिस्टिम आतून सुसंगत करण्यासाठी लिहिलेलं आहे, तुमचे फोटो वाचवण्यासाठी नाही. हिशेब न जुळणारी नोंद ते सरळ काढून टाकतं, तुकडे `FOUND.000` नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि काम फत्ते झाल्याचं सांगतं. डिसेंबर 2020 मध्ये तर विंडोज 10 च्या एका अपडेटनंतर `chkdsk /f` चालवल्यावर काही मोजक्या संगणकांची फाइल सिस्टिमच बिघडत होती आणि ते सुरूही होत नव्हते. मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून पुढे दुरुस्ती दिली. असा दोष विरळाच. पण चालत्या डिस्कवरही दुरुस्तीचं हत्यार नुकसान करू शकत असेल, तर मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे जुगारच.

मग पहिलं पाऊल कोणतं? चौकट `Cancel` करायची आणि डिस्क काढून ठेवायची. घाई नाही. पडून राहिलेली डिस्क त्या दिवसात आणखी बिघडत नाही, पुन्हा पुन्हा लावून पाहिलेली मात्र बिघडते.

त्यानंतर रॉ खरंच बिघाडामुळे आहे का, ते तपासायचं. ही पायरी बरेच जण गाळतात. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क, लिनक्सवरची डिस्क, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेली डिस्क यांतली कुठलीही विंडोजला ओळखता येत नाही, त्यामुळे ती तिथे रॉ दिसू शकते. त्यात बिघडलेलं काही नसतं. बिटलॉकरनं कुलूपबंद केलेलं पार्टिशनही कुलूप न उघडता रॉ दिसू शकतं. तिथे 48 अंकी रिकव्हरी की शोधणं हेच काम, बाकी सगळं नंतर. आणखी एक फसवा प्रकार मी अनेकदा पाहतो. एक्स्टर्नल डिस्कचं प्लास्टिकचं घर, म्हणजे केसिंग खराब झालं म्हणून आतली डिस्क काढून ती थेट संगणकाला जोडली जाते. काही केसिंग डिस्कचे सेक्टर 512 ऐवजी 4096 बाइटचे आहेत असं संगणकाला सांगतात आणि सगळा हिशेब त्या मापात मांडलेला असतो. काही केसिंगमधली चिप तर लिहितानाच मजकूर सांकेतिक करते. अशी डिस्क थेट जोडली की ती रॉ किंवा रिकामी दिसते. पुन्हा तशाच केसिंगमध्ये, आधीच्या चिपसह बसवली की सगळं दिसायला लागतं.

स्टुडिओच्या डिस्कमध्ये यातलं काही नव्हतं. ती NTFS होती, त्याच संगणकावर सकाळपर्यंत चालत होती. म्हणून वायर बदलली, हब काढून संगणकाच्या मागच्या पोर्टला लावली. सैल वायर किंवा अपुरी वीज यानंही डिस्क रॉ दिसते आणि वायर बदलल्यावर गोष्ट तिथेच संपते. इथे संपली नाही.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये (`diskmgmt.msc`) फक्त वाचायचं, क्लिक काही करायचं नाही. पाहायचा आकडा म्हणजे डिस्कचा आकार. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे 931 जीबी दिसते, आणि ती तशी दिसली. ही चांगली खूण. आकार शून्य किंवा भलताच असेल, `No Media` लिहिलेलं असेल, तर दोष फाइल सिस्टिमच्या खाली, डिस्कच्या किंवा पेन ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्ये आहे. तिथे घरी चालवायचं कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. `Initialize Disk` असं विचारलं तर त्यालाही नकारच द्यायचा.

मग प्रकृतीची तपासणी. प्रत्येक हार्ड डिस्क स्मार्ट नावाची नोंदवही स्वतःच ठेवते आणि ती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये वाचता येते. काही केसिंग ही माहिती पुढे जाऊ देत नाहीत, तेव्हा ती पानं कोरी दिसतात. दिसली तर तीन ओळी महत्त्वाच्या: `05`, `C5` आणि `C6`. `05` म्हणजे आधीच खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर, `C5` म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे, `C6` म्हणजे दुरुस्त न झालेले. स्टुडिओच्या डिस्कमध्ये `C5` पुढे `000000000010` होतं. स्टुडिओवाला म्हणाला, ‘दहाच आहेत.’ इथे एक खाच आहे. हा प्रोग्राम हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दाखवतो, त्यामुळे ते दहा नसून सोळा होते. दहा काय आणि सोळा काय, शून्य नाही हे महत्त्वाचं. म्हणजे पाटी तर पडली होतीच, पण भिंतीलाही तडा होता. अशा डिस्कवर आठ-दहा तास स्कॅनिंग करत बसणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट चालवणं धोक्याचं. स्कॅन अर्ध्यावर असताना डिस्क गेली, तर हातात काहीच उरत नाही.

याच टप्प्यावर कानही उघडे ठेवायचे. टक-टक आवाज येत असेल, डिस्क फिरून बंद पडत असेल किंवा यादीतून मध्येच गायब होत असेल, तर वीज तोडायची आणि स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या, डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्या ठिकाणी ती द्यायची. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

स्टुडिओची डिस्क शांत फिरत होती. म्हणून पुढची पायरी, जिच्यावर बाकी सगळं उभं आहे: दुरुस्तीच्या आधी अख्ख्या डिस्कची नक्कल. फाइलींची नव्हे, कारण फाइली तर दिसतच नाहीत. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे आहे ते जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायचं. तिला इमेज म्हणतात. यासाठी दुसरी डिस्क मोठी हवी. एक टीबीसाठी दोन टीबीची घेतली, त्यामुळे यादीत दोघी ओळखायलाही सोप्या गेल्या. ती FAT32 असून चालत नाही, कारण तिथे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

नक्कल करायला विंडोज नको. सिस्टमरेस्क्यू नावाचं मोफत लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू होतं आणि लागणारी दोन्ही हत्यारं, डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क, त्यात तयार असतात. पहिली आज्ञा नुसती ओळख पटवण्याची:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL,FSTYPE
```

इथे थांबून आकार, मॉडेल आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून पाहायचा. आजारी डिस्क `sdb` आहे आणि नवी `sdc`, हे कागदावर लिहून ठेवायचं. पुढच्या आज्ञेत आधी मूळ डिस्क आणि मग नकलेची जागा येते. हा क्रम उलटा झाला तर कोऱ्या डिस्कवरचं काहीच-नाही मूळ डिस्कवर उतरू शकतं. या सगळ्या कामात माणसाच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक हीच.

```
mkdir /mnt/prat
mount /dev/sdc1 /mnt/prat
ddrescue -n /dev/sdb /mnt/prat/disk.img /mnt/prat/disk.map
```

साधी कॉपी खराब सेक्टरपाशी अडते आणि तिथेच डोकं आपटत राहते. डीडीरेस्क्यू अडलं की ती जागा वहीत टिपतं आणि पुढे जातं. ती वही म्हणजे `disk.map`. `-n` चा अर्थ असा की पहिल्या फेरीत खराब जागा खरवडत बसू नको, आधी सहज येईल तेवढं सगळं घे. मध्येच वीज गेली, संगणक बंद पडला, तरी डिस्क पुन्हा जोडून तीच आज्ञा दिली की काम वहीवरून पुढे सुरू होतं. मात्र आधी `lsblk` पुन्हा पाहायचं, नावं बदललेली असू शकतात. वेळ किती लागेल हे जोडणीवर असतं. सेकंदाला 100 एमबीच्या वेगानं एक टीबीला पावणेतीन तास लागतात, जुन्या यूएसबी 2 पोर्टवर नऊ-दहा तास सहज जातात. वेग मध्येच कोसळला तर समजायचं की खराब पट्टा लागलाय.

पहिली फेरी संपल्यावर राहिलेल्या जागांसाठी दुसरी:

```
ddrescue -d -r3 /dev/sdb /mnt/prat/disk.img /mnt/prat/disk.map
```

म्हणजे प्रत्येक हट्टी जागेला आणखी तीन संधी. शेवटी न वाचलेले 8192 बाइट उरले. बरोबर सोळा सेक्टर, स्मार्टनं सांगितले तेवढेच. एवढं चोख जुळणं नशिबाचं, एरवी वाचत जाऊ तशी ही संख्या वाढतेच. एक टीबीत आठ किलोबाइट गेले. मूळ डिस्क काढली, डबीत घातली, वर तारीख टाकली. यापुढे तिला हात नाही.

दुरुस्ती आता सुरू होते, आणि तीही नकलेवर. डिस्कवर जागा होती म्हणून त्या इमेजचीही आणखी एक प्रत कुठे ठेवता येईल का ते पाहिलं. तेवढी जागा नव्हती, पण मूळ डिस्क अजून वाचता येण्याजोगी होती म्हणून पुढे गेलो.

```
testdisk /mnt/prat/disk.img
```

टेस्टडिस्क पार्टिशन टेबलचा प्रकार स्वतः ओळखतं. तिथून `Advanced`, मग पार्टिशन निवडून `Boot`. पडद्यावर दोन निकाल आले: `Boot sector` पुढे `Bad` आणि `Backup boot sector` पुढे `OK`. NTFS ची एक दूरदृष्टी इथे कामी येते. बूट सेक्टरची एक प्रत ती पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते. FAT32 मध्ये ती सुरुवातीलाच, सहाव्या सेक्टरमध्ये असते, त्यामुळे डिस्कच्या तोंडाशी घाव बसला तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जाण्याची भीती जास्त.

लगेच दुरुस्तीचं बटण न दाबता आधी `Dump` निवडलं. त्यात मूळ आणि प्रत शेजारी शेजारी दिसतात. डावीकडे `00 00 00 00` अशी ओळीमागून ओळ. उजवीकडे सुरुवातच `EB 52 90 4E 54 46 53`, आणि त्या अंकांतले शेवटचे चार म्हणजे अक्षरशः ‘NTFS’. विंडोजला डिस्क ओळखता न येण्याचं कारण डोळ्यांसमोर होतं. पहिल्या सेक्टरवर शून्यं लिहिली गेली होती, बाकी घर जागेवर होतं.

परत मागे येऊन `Backup BS` निवडलं. शेवटची प्रत सुरुवातीला आणून बसवण्याची ही आज्ञा. शेजारीच `Org. BS` असतं आणि ते नेमकं उलटं करतं, म्हणजे खराब मूळ चांगल्या प्रतीवर चढवतं. नकलेवर काम करत असल्यानं असली चूकही पचली असती, हाच नकलेचा खरा फायदा. मग `List`. एक-दोन क्षण काही नाही आणि मग फोल्डरची नावं उतरू लागली: `SAKHARPUDA`, `HALAD`, `RECEPTION`. स्टुडिओवाला इतका वेळ खुर्चीच्या काठावर बसला होता, तो पहिल्यांदा टेकून बसला.

फाइली टेस्टडिस्कमधूनच निवडून दुसरीकडे कॉपी करता येतात. कॉपी झाल्यावर नुसती फोल्डरची यादी पाहून समाधान मानायचं नाही. मोठ्या फाइली उघडून पाहायच्या, व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून पाहायचा. न वाचलेल्या जागी इमेजमध्ये शून्यं असतात, आणि ती ज्या फाइलीत पडली असतील ती नावानं व आकारानं अगदी ठणठणीत दिसते. इथे हळदीचा एक फोटो वरून अर्धा नीट आणि खाली सगळा राखाडी निघाला. दुसरी खराब जागा रिकाम्या भागात पडली असावी, कारण बाकी सगळं उघडलं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. दोन्ही बूट सेक्टर खराब असतील तर `Rebuild BS` उरतं. ते पार्टिशनमधल्या खुणांवरून नवा बूट सेक्टर बेततं, आणि तिथेही आधी `List` करून नावं नीट दिसतात का ते पाहूनच `Write` करायचं. फाइलींची मुख्य यादीच फाटलेली असेल तर शेवटचा उपाय फोटोरेक. टेस्टडिस्कचं हे भावंड. ते यादीकडे पाहतच नाही, फोटो किंवा व्हिडिओची सुरुवात कशी असते ते ओळखून एकेक फाइल उचलतं. पण त्यात मूळ नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. सगळ्या लग्नांचे फोटो एका ढिगात येतात आणि डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत साठलेले मोठे व्हिडिओ बरेचदा अर्धवट निघतात. म्हणून क्रम टेस्टडिस्क आधी, फोटोरेक नंतर. ज्यांना लिनक्सची धास्ती वाटते त्यांनी विंडोजवरची रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, पण तीही इमेजवर. सॉफ्टवेअर आजारी डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही आणि परत मिळालेल्या फाइलीही तिथे उतरवायच्या नाहीत.

राहिली मूळ डिस्क. फोटो दोन ठिकाणी पोचल्याची खात्री झाल्यावरच तिचा फुल फॉरमॅट केला. आता ती शून्यं उपयोगाची होती, कारण प्रत्येक सेक्टरवर लिहिताना डिस्कला खराब जागांचा निकाल लावावा लागतो. `C5` शून्यावर आलं, पण `05` वाढलेलं निघालं. म्हणजे जागा खरंच खराब होत्या. अशी डिस्क काम करते, चालतेही, पण तिच्यावर कुणाच्या लग्नाचे फोटो ठेवायचे नाहीत. स्टुडिओवाल्यानं ती गाणी आणि सिनेमांसाठी ठेवली.

तुमच्या पडद्यावर कधी ती फॉरमॅटची चौकट आलीच, तर `Cancel` दाबा, डिस्क काढा आणि आधी तिच्यापेक्षा मोठी एक रिकामी डिस्क घेऊन या.